खोका नाही, लेबल नाही: बाजूच्या फोटोवरून एअर मॅक्स कसा ओळखायचा

खोका केव्हाच रद्दीत गेलेला असतो. जिभेच्या आतलं लेबल घामाने आणि धुण्याने पुसलेलं असतं, किंवा टोचतं म्हणून कुणी कात्रीने कापून टाकलेलं असतं. हातात उरतो बाजूने काढलेला एक फोटो आणि विकणाऱ्याचं एक वाक्य, "नाइकीचा एअर मॅक्स आहे." हे बहुतेक वेळा खरं असतं, पण एअर मॅक्स हे आडनाव झालं. त्या आडनावाची कितीतरी भावंडं १९८७ पासून बाजारात आली आहेत. त्यांच्या किमती वेगळ्या, मापात बसणं वेगळं, आणि दुरुस्तीला काय लागेल तेही वेगळं.

बाजूच्या फोटोवरून ओळखायला हे घराणं सगळ्यात सोयीचं. बहुतेक बुटांचं खरं वैशिष्ट्य तळाच्या आत दडलेलं असतं. एअर मॅक्समध्ये ते मुद्दाम बाजूलाच उघडं ठेवलेलं आहे. टाचेखालची हवेची पिशवी बाहेरून दिसावी म्हणून टिंकर हॅटफिल्ड यांनी १९८७ च्या पहिल्या एअर मॅक्सच्या सोलला खिडकी पाडली. पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटर या इमारतीचे नळ आणि जिने जसे बाहेरच्या अंगाला उघडे दिसतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. तेव्हा ओळख पटवायची सुरुवात याच खिडकीपासून करायची.

नवखा माणूस आधी रंग बघतो, मग कंपनीची टिक बघतो आणि तेवढ्यावर फोटो शोधायला बसतो. हा क्रम उलटा आहे. रंग सगळ्यात शेवटी बघायचा, कारण एकाच मॉडेलचे शेकडो रंग निघतात आणि एकच रंग दहा मॉडेलांवर चढतो. बूट खालून वर वाचायचा: आधी सोल, मग सोल आणि अप्पर, म्हणजे सोलच्या वरचा पाय झाकणारा भाग, जिथे जुळतात ती रेघ, मग अप्परचे तुकडे, आणि त्यानंतर रंग.

फोटो कामाचा आहे का ते आधी बघा

फोटो तुम्हीच काढणार असाल तर बूट टेबलावर ठेवा आणि मोबाइल सोलच्या उंचीला आणा. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत सोल दबून जातो आणि खिडकीचा वरचा काठ दिसेनासा होतो. फार जवळूनही काढू नका. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद असते, त्यामुळे हातभर अंतरावरून काढलं की मधला भाग फुगतो आणि टोक व टाच आक्रसतात. दीड-दोन मीटर मागे सरका आणि दुप्पट झूम करा. उजेड खिडकीतून तिरपा येऊ द्या, म्हणजे प्लास्टिकवरच्या कोरीव रेघांना सावली पडून त्या उठून दिसतात. याच जागेवरून एक फोटो फ्लॅश मारूनही काढा. काही मॉडेलांवर प्रकाश परतवणारी पट्टी असते, ती साध्या फोटोत राखाडी दिसते आणि फ्लॅशमध्ये पांढरीशुभ्र चमकते.

फोटो दुसऱ्याने पाठवलेला असेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, तो उलटा तर झालेला नाही ना. नाइकीची टिक दोन्ही बाजूंना टाचेकडे निमुळती आणि चवड्याकडे वळलेली असते, त्यामुळे आरशासारखा उलटलेला फोटोही टिकेवरून उलटा वाटत नाही. बुटावर कुठेतरी अक्षर असतं, ते सरळ वाचता येतं का ते बघा. दुसरी, टाच पूर्ण दिसते का. व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या फोटोंत टोक नीट असतं आणि टाच कापलेली असते. एअर मॅक्सच्या बाबतीत असा फोटो जवळजवळ निरुपयोगी. बिनदिक्कत पुन्हा मागवा, आणि मागवतच आहात तर आतल्या अंगाचा, म्हणजे दोन पाय जवळ आणल्यावर समोरासमोर येणाऱ्या बाजूचाही एक मागवा.

खिडकी कुठून सुरू होते, कुठे संपते

फोटोतल्या बुटाची लांबी टाचेपासून टोकापर्यंत मोजा. मोबाइलच्या स्क्रीनवर साधी पट्टी धरली तरी चालतं. ती लांबी शंभर धरली, टाच शून्यावर आणि टोक शंभरावर, तर खिडकी कोणत्या आकड्यावर सुरू होते आणि कोणत्या आकड्यावर संपते ते लिहून ठेवा. इथे इंच-सेंटिमीटरचा उपयोग नाही. सहा नंबरचा बूट असो की अकराचा, प्रमाण फारसं हलत नाही. लहान मुलांच्या बुटांना मात्र हे लागू करू नका. त्यांत तुकडे कमी करतात आणि खिडकी बुटाच्या मानाने मोठी दिसते.

खिडकी फक्त मागच्या तिसऱ्या हिश्श्यात असेल, म्हणजे तेहतीसच्या आत संपत असेल, आणि तिच्या वरखाली फोमचा सोल नीट दिसत असेल, तर तुम्ही एअर मॅक्स १, ९० आणि त्यांच्या धर्तीवर निघालेल्या स्वस्त मॉडेलांच्या गल्लीत आहात. सगळ्यात जास्त घोळ याच गल्लीत होतो. त्याचं पुढे सविस्तर.

खिडकी टाचेलाच पण अवाढव्य असेल, टाचेच्या अगदी मागच्या काठापासून सुरू होऊन बाजूला वळत असेल, आणि सगळा बूट एका फुग्यावर टेकल्यासारखा दिसत असेल, तर तो बहुधा २०१८ चा एअर मॅक्स २७०. त्याची टाचेची पिशवी ३२ मिलिमीटर उंच आहे. तीनशे साठपैकी दोनशे सत्तर अंशांतून ती दिसते, म्हणून हे नाव. खिडकीच्या जागी एकमेकांना लागून ठेवलेल्या नळ्यांची टोकं दिसत असतील तर तो २०२४ चा एअर मॅक्स डीएन.

दोन खिडक्या, एक टाचेला आणि एक चवड्याखाली, मध्ये बंद सोल: इथे मुख्य उमेदवार दोनच. १९९५ चा एअर मॅक्स ९५ आणि १९९८ चा एअर मॅक्स प्लस, ज्याला लोक टीएन म्हणतात. दोघांना वेगळं करायला सोल सोडून वर बघावं लागतं. ९५ काढताना सर्जिओ लोझानो यांच्या डोळ्यांसमोर माणसाचं शरीर होतं: लेस अडकवायचे पट्टे म्हणजे फासळ्या, बाजूचे थर म्हणजे स्नायू. त्यामुळे ९५ च्या बाजूला आडव्या लाटांचे एकावर एक थर असतात आणि टिक अगदी छोटी, मागे टाचेजवळ. प्लसवर याच्या उलट प्लास्टिकच्या शिरा सोलपासून वर चढत जातात. शॉन मॅकडॉवेल यांनी त्या माडांवरून घेतल्या, मागे मावळतीचं आकाश. कोकणातल्या माणसाला झावळ्यांची ती रेघ लगेच ओळखू येते. त्यातच टाच आणि चवडा यांच्या मधल्या कमानीवर देवमाशाच्या शेपटीसारखा प्लास्टिकचा तुकडा दिसला तर शंका उरत नाही. आडवे थर असतील तर ९५, उभ्या शिरा असतील तर प्लस.

खिडकी टाचेपासून टोकापर्यंत सलग असेल तर पहिला विचार एअर मॅक्स ९७ चा. ख्रिश्चन ट्रेसर यांचा हा बूट जपानी बुलेट ट्रेनवरून सुचला असं सर्रास लिहिलेलं आढळतं. ट्रेसर यांनी स्वतः पाण्यात थेंब पडल्यावर उठणाऱ्या तरंगांचा उल्लेख केलेला आहे, आणि ओळखायलाही तेच उपयोगाचं. अखंड रेघा टोकापासून टाचेपर्यंत तरंगांसारख्या फिरतात, टिक छोटी असते, आणि फ्लॅश मारला की मधली एक रेघ चमकते.

सलग खिडकी आहे पण वर-खाली फोमच नाही, अप्पर थेट पारदर्शक गाठोड्यांवर बसलेलं आहे, असं दिसलं तर तो २०१७ पासून निघालेला व्हेपरमॅक्स.

एकट्या सोलवर निकाल देऊ नका

एवढ्या माहितीवर नव्वद टक्के काम झालं असं वाटतं आणि इथेच माणूस फसतो. कंपन्या सोलचे साचे पुन्हा वापरतात. साचा महाग असतो, कापड आणि चामडं कापायची पाती त्या मानाने स्वस्त. १९९८ चा एअर मॅक्स ९८ आदल्या वर्षीच्या ९७ च्याच सोलवर उभा आहे. फोटोत बुटाचा खालचा अर्धा भागच दिसत असेल तर दोघांत फरक करता येणार नाही. वरचा भाग दिसला की येतो: ९७ वर रेघा अखंड फिरतात, ९८ वर तुकडे वेगवेगळे जोडलेले दिसतात.

याच्या उलटही होतं, म्हणजे ओळखीचं अप्पर परक्या सोलवर. व्हेपरमॅक्स प्लसचं अप्पर प्लससारखं आणि खाली व्हेपरमॅक्सची गाठोडी. व्हेपरमॅक्स ९७ चंही तसंच. म्हणून सोलने एक नाव सांगितलं आणि अप्परने दुसरं, तर दोन्ही नावं जोडून शोधा. बरेचदा तेच जोडनाव मॉडेलचं अधिकृत नाव निघतं.

तिसरी शक्यता आपल्याकडची. सोल सुटलेला बूट मोची सगळीकडून टाके मारून देतो. ती जाड दोऱ्याची रेघ फोटोत कारखान्याच्या शिलाईसारखी दिसते, आणि मग माणूस खाली शिवलेला सोल असणारी मॉडेलं धुंडाळत बसतो. खिडकीवाल्या एअर मॅक्सचा सोल कारखान्यात चिकटवलेला असतो. तिथे ठळक टाके दिसले तर ते नंतरचे आहेत असं धरा. आणखी एक खूण: मोचीचे टाके चवड्याभोवती असतात आणि टाचेशी येऊन थांबतात, कारण तिथे सुई घातली तर दाबाने भरलेली पिशवी फुटते. मोची सराईत असेल तर हे त्याला माहीत असतं.

१, ९० आणि त्यांची सावली

आता मूळ घोळाकडे. टाचेला मध्यम आकाराची एक खिडकी, बाजूला मोठी टिक, पुढे जाळी, खाली कडेने पट्टा. असं वर्णन एअर मॅक्स १ लाही लागू होतं, ९० लाही, आणि एक्सीसारख्या स्वस्त मॉडेललाही. भारतात जुन्या बाजारात आणि विक्रीच्या अ‍ॅपवर "एअर मॅक्स ९०" असं लिहून जे विकायला येतं, त्यात एक्सीचा भरणा बराच असतो. त्यात विकणाऱ्याची लबाडी असतेच असं नाही. नाइकीने एक्सी काढलाच मुळी ९० ला समोर ठेवून, रेघा ताणून आणि प्रमाणं बदलून.

१ आणि ९० मधला फरक खिडकीच्या चौकटीत आहे. फोटो मोठा करून फक्त टाच बघा. एअर मॅक्स १ ची खिडकी सोलमध्ये साधी कापलेली, लांबट, कडा गोलसर. तिच्याभोवती वेगळ्या रंगाचं काही नाही. ९० च्या खिडकीभोवती प्लास्टिकची रंगीत चौकट बसवलेली असते आणि तिच्यावर कोरीव रेघा असतात. ९० काढताना हॅटफिल्ड यांना हवेची पिशवी आणखी मोठी भासवायची होती, ही चौकट त्याचाच भाग. १९९० मध्ये बूट आला तेव्हा तो एअर मॅक्स थ्री म्हणून ओळखला जायचा, ९० हे नाव पुढच्या पुनरागमनात रूढ झालं. त्यामुळे जुन्या जाहिरातीत किंवा कॅटलॉगमध्ये "९०" शोधून सापडलं नाही तर घाबरू नका.

मग लेसच्या भोकांकडे या. १ वर भोकं थेट चामड्याच्या किंवा स्वेडच्या पट्टीला पाडलेली असतात. ९० वर त्या पट्टीवर खाचा असलेले प्लास्टिकचे तुकडे बसवलेले असतात, आणि तशाच खाचांचं प्लास्टिक टाचेच्या बाजूलाही येतं. हे प्लास्टिक फोटोत रंगावरून ओळखू नका. पांढऱ्यावर पांढरं असलं तर दिसणारच नाही. तिरप्या उजेडात खाचांच्या सावल्या बघा, म्हणून वर उजेडाचं सांगितलं.

तिसरी जागा खालचा पट्टा, जो चिखलापासून जाळी वाचवतो. १ वर तो टोकापासून दोन्ही बाजूंनी टाचेमागे अखंड फिरतो. एका रेघेत, एका उंचीत, थोडा लाटेसारखा. बोटाने स्क्रीनवर गिरवून बघा, बोट कुठे अडत नसेल तर १. ९० वर तो टाचेकडच्या खाचांच्या प्लास्टिकशी येऊन अडतो.

एक्सी ओळखायला मात्र अशी एकच खूण पुरत नाही. त्याचं चित्र ९० च्या शेजारी ठेवूनच बघावं लागतं. ९० चे तुकडे आखूड आणि ठसठशीत असतात, बूट टाचेकडे भरीव दिसतो. एक्सीच्या त्याच रेघा टाचेकडे ओढून लांब केल्यासारख्या वाटतात. दोन चित्रं एकाच रुंदीला आणून एकाखाली एक ठेवा, आणि बाजूच्या प्रत्येक जोडणीची तिरपी रेघ कुठे सोलला टेकते ते बघा. एकही रेघ टेकायच्या जागी जुळत नसेल तर ते ९० नाही. जुन्या बुटाची जाळी ताणते, चामडं सुरकुततं, पण जोडणी सोलला जिथे शिरते ती जागा हलत नाही.

१ च्याच बाबतीत आणखी एक पोटभेद आहे. सर्वांत पहिल्या तुकडीची खिडकी मोठी होती आणि ती थंडीत तडकायची, म्हणून नंतर ती लहान केली. २०२३ मध्ये नाइकीने ती मोठी खिडकी "८६ बिग बबल" या नावाने पुन्हा आणली. चौकट नाही, पट्टा अखंड आहे, म्हणजे सगळं १ चं आहे, आणि तरी खिडकी नेहमीच्या १ पेक्षा ठळक मोठी आहे, असं दिसलं तर हे नाव तपासा.

एक फोटो घेऊन बघू

समजा फोटोत पांढरा-राखाडी बूट आहे, उजव्या पायाची बाहेरची बाजू. जाळी मळलेली, सोल पिवळट, टाचेच्या खिडकीभोवती गुलाबी-नारिंगी असा विटका रंग. जिभेचं लेबल नाही. विकणाऱ्याने लिहिलंय "एअर मॅक्स १, लिमिटेड".

खिडकी मोजली तर ती टाचेजवळ सुरू होऊन तिसऱ्या हिश्श्याच्या आतच संपते. वर-खाली फोम आहे. म्हणजे २७०, ९५, प्लस, ९७ आणि व्हेपरमॅक्स एका फटक्यात गेले. उरले १, ९० आणि एक्सीसारखी सावली.

खिडकीभोवती रंगीत चौकट आहे आणि मोठं करून बघितलं तर तिच्यावर रेघाही आहेत. इथे १ गेला, विकणारा काहीही म्हणो. लेसच्या पट्टीवर खाचांचं प्लास्टिक दिसतंय. खालचा पट्टा टोकाकडून येतो आणि टाचेकडच्या प्लास्टिकशी थांबतो. आता खात्रीच्या ९० चं बाजूचं चित्र त्याच रुंदीला आणून खाली ठेवलं. जोडण्या सोलला टेकतात त्या जागा जुळतात, रेघा ताणलेल्या नाहीत. म्हणजे एक्सीही गेला. मॉडेल एअर मॅक्स ९०.

रंगाला हात लावायची वेळ आता आली. चौकट आज गुलाबी-नारिंगी दिसते, पण उन्हात लाल प्लास्टिक असंच विटतं. विटका रंग जसाच्या तसा शोधायला गेलं तर गुलाबी ९० मिळतील आणि सगळे चुकीचे. न विटलेला तुकडा शोधायचा: लेसच्या खाली झाकलेलं प्लास्टिक, किंवा जिभेवरचं चिन्ह जिथे कपड्याखाली राहतं. तिथे झगझगीत लाल दिसला तर पांढरा, राखाडी, काळा आणि लाल हा ९० चा सगळ्यात प्रसिद्ध रंगमेळ, इन्फ्रारेड. आता शोधायला शब्द मिळाले:

```
air max 90 infrared white grey black side
```

सोलच्या पिवळेपणाचंही तेच. पांढरा फोम आणि पारदर्शक रबर हवेने आणि उन्हाने पिवळं पडतं, धुतलं तरी जात नाही. मूळ सोल "क्रीम" होता असं समजून शोधू नका. सोलचा आतल्या कमानीकडचा, सावलीतला भाग बघा. तिथे मूळ पांढरा थोडाफार शिल्लक असतो.

रंगावरून कोडपर्यंत

मॉडेल आणि रंग हाती आले की हरवलेल्या लेबलवर जो कोड असायचा तो शोधता येतो. नाइकीचे अलीकडचे कोड दोन अक्षरं, चार अंक, मग आडवी रेघ आणि तीन अंक असे असतात. पूर्ण पांढऱ्या एअर मॅक्स ९० चा `CN8490-100` हा नेहमी भेटणारा. रेघेनंतरच्या तीन अंकांतला पहिला अंक मुख्य रंग सांगतो: ० म्हणजे काळा किंवा राखाडी, १ म्हणजे पांढरा, ४ निळा, ६ लाल. त्यामुळे शोधात दहा कोड समोर आले आणि तुमच्या बुटाचं अप्पर मुळात पांढरं असेल, तर रेघेनंतर १ ने सुरू होणारे आधी उघडा.

कोड मिळाला की तो थेट शोधाच्या चौकटीत टाकायचा आणि दुकानांनी काढलेले बाजूचे फोटो उघडायचे. तुमचा फोटो आणि तो फोटो शेजारी ठेवून तीन जागा जुळवायच्या: खिडकीची चौकट, लेसच्या पट्टीचा रंग, टिकेच्या कडेचा रंग. तिन्ही जुळल्या तर ठीक. दोन जुळल्या आणि टिकेची कड राखाडीऐवजी काळी निघाली, तर तो दुसरा कोड आहे. "थोडा फरक असेल" असं म्हणून पुढे जायचं नाही. एकच रंगमेळ दर काही वर्षांनी किरकोळ बदल करून परत येतो, आणि बदल असतो तो अशाच एखाद्या कडेत.

फोटो टाकून शोधणारी सोय मोबाइलवर सगळ्यांकडे असते, तीही वापरा, पण पूर्ण फोटो टाकू नका. पूर्ण फोटोत पार्श्वभूमी आणि रंग यांचा जोर होतो, मग फरशीसारखी फरशी आणि पांढऱ्यासारखे पांढरे बूट समोर येतात. टाचेचा तिसरा हिस्सा कापून तेवढाच टाका. आणि ही सोय नाव सांगत असेल तर ते विक्रेत्यांनी लिहिलेल्या मथळ्यातून आलेलं असतं हे विसरू नका. "एअर मॅक्स ९०" असा मथळा दिलेला एक्सी तिथेही असतोच.

इथून पुढे बाजूचा फोटो गप्प बसतो

इन्फ्रारेड कितीदा तरी पुन्हा निघाला आहे, २०२० मध्ये तिसाव्या वर्षानिमित्तही. यातला तुमचा कोणता हे बाजूच्या फोटोवरून नक्की करता येत नाही. विकायला लावताना "९०, इन्फ्रारेड, साल माहीत नाही" एवढंच लिहा. साल सांगून जास्त पैसे मागणाऱ्याकडे जिभेचं लेबल किंवा खोक्याचा फोटो मागा.

बूट खरा की नकली हेही वेगळं प्रकरण. फर्स्ट कॉपी बनवणारा नेमकं बाजूचंच रूप हुबेहूब उचलतो, कारण विकताना फोटो बाजूचा लावला जातो. वरच्या सगळ्या खुणा जुळल्या तर तो ९० च्या नमुन्यावर बनलाय इतकंच सिद्ध होतं. नकली माल उघडा पडतो तो आतल्या शिलाईत, इनसोल उचलल्यावर आणि तळाच्या रबरावर, आणि यांतलं काहीच बाजूच्या फोटोत येत नाही.

बूट घालण्यासाठी घेत असाल तर मॉडेल ओळखल्यावर खिडकीकडे पुन्हा एकदा बघा, आता वेगळ्या नजरेने. पिशवी फुटलेली असेल तर खिडकी आत बसलेली, सुरकुतलेली किंवा दोन पायांत वेगवेगळ्या उंचीची दिसते. ती भरता येत नाही. खिडकीच्या वरच्या फोममध्ये केसासारख्या भेगा आहेत का तेही तपासा. जुन्या सोलचा फोम दमट हवेत आतून विरतो, बूट न वापरता कपाटात ठेवला तरी. मुंबईत आणि कोकणात हे लवकर होतं. अशा बुटाचं अप्पर नवंकोरं दिसतं आणि चार पावलांत सोलचा भुगा पडतो, तेव्हा पैसे देण्याआधी खिडकीच्या वर अंगठ्याने जोरात दाबून त्याचा व्हिडिओ पाठवायला सांगा. दाबल्यावर फोम परत उसळला तर ठीक, अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला किंवा पांढरी भुकटी सुटली तर तो बूट शोकेसमध्ये ठेवण्यापुरताच.